आजोबांविषयी चार मिनिटे

दिवस पार पडत आलेले असतात. तेराव्याला किंवा त्या संध्याकाळच्या शोकसभेला कोण कोण बोलणार, याची चर्चा बाहेरच्या खोलीत चाललेली असते. ऑफिसातले एक गृहस्थ, शेजारचे मास्तर, एखादे व्याही, अशी नावे ठरतात आणि मग थोरले काका एकदम तुमच्याकडे वळून म्हणतात, "नातवंडांतर्फे तूच बोल गं चार शब्द. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा." तुम्ही मान हलवता, आणि रात्री वही घेऊन बसल्यावर लक्षात येते की सुचते ते एकच वाक्य: आजोबा फार प्रेमळ होते.

भगिनींनो, त्या वाक्यात खोटे काहीच नाही. पण ते कुणाच्याही आजोबांना लागू पडते. ऐकणाऱ्याला आपले आजोबा दिसायला हवेत, तेही चार मिनिटांत, समोर आजी बसलेली असताना आणि आपला गळा दाटून आलेला असताना. म्हणून भाषण कसे बांधायचे, थट्टा किती आणि कुठे करायची, हे आज जरा सविस्तर पाहू.

आधी वेळेचा हिशेब, कारण त्यावर बाकी सारे ठरते. नेहमीच्या गप्पांत आपण भराभर बोलतो, पण अशा सभेत आवाज आपोआप संथ होतो. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरावेत. खात्री करायची असेल तर घड्याळ समोर ठेवून वर्तमानपत्रातला मजकूर एक मिनिट सावकाश, मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. तुमचा स्वतःचा आकडा कळेल. चार मिनिटे म्हणजे चारशे शब्द, पण तेवढे लिहू नका. लोक हसतील तिथे थांबावे लागते, आवंढा गिळायला थांबावे लागते. सव्वातीनशे शब्द लिहिलेत तर चार मिनिटे बरोबर भरतात. वहीच्या ओळीत आठ शब्द बसत असतील, तर साधारण चाळीस ओळी झाल्या. एवढीच जागा आपल्या हातात आहे.

एवढ्या जागेत काय मावत नाही ते आधी वगळा. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, बढत्या हे सगळे आधीचे वक्ते सांगून गेलेले असतात. गुणांची यादीही नको. "प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ" म्हटले की चार विशेषणे होतात, माणूस होत नाही.

मग घ्यायचे काय? आजोबांची एकच सवय घ्यावी आणि तिच्या दोन गोष्टी सांगाव्यात, एक हसवणारी आणि एक गंभीर. एकाच सवयीतून दोन्ही निघाल्या म्हणजे भाषणाला ठिगळे दिसत नाहीत. ज्या गोष्टीला आपण वर्षानुवर्षे हसलो तिच्याच पोटात माया होती, हे ऐकणाऱ्यांना आपसूक कळते. ते निराळे सांगावे लागत नाही.

ती सवय शोधायला घरच्यांशी बोला. मात्र "आजोबा कसे होते?" असे विचाराल तर "देवमाणूस होते हो" एवढेच उत्तर मिळेल. आजीला विचारा, ते कशावरून चिडायचे? त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काय काय असायचे? बाहेर पडताना दारातून काय सांगून जायचे? कुठल्या गोष्टीवरून तुमचे कायम वाजायचे? भावंडांना विचारा, आपण त्यांची नक्कल करायचो ती कशाची? मिळेल ते सगळे कागदावर उतरवा. दहाएक गोष्टी सहज होतील. मग प्रत्येकीपुढे विचारा, हिची दुसरी बाजू दाखवणारा एखादा प्रसंग मला माहीत आहे का? बहुतेक गोष्टी इथेच गळतात. जी उरेल ती तुमची.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. यादी अशी निघाली: पार्सलांची सुतळी गुंडाळून ठेवायचे, आलेली पाकिटे उलटून पुन्हा वापरायचे, चहा बशीतूनच प्यायचे, मसाल्याच्या डब्यांवर त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या, एकच छत्री वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरली, गाडीच्या आधी तासभर स्टँडवर जाऊन बसायचे, शेवटच्या वर्षात नावे विसरायला लागले होते. सुतळी आणि पाकिटे गमतीची आहेत, पण तिथे गोष्ट काटकसरीवर थांबते. शेवटच्या आजाराची गोष्ट नकोच. स्टँडवर लवकर जाण्याची मात्र थट्टाही घरभर होती आणि नातीला एक रात्रही आठवत होती. म्हणून तिने ती घेतली. तिचे भाषण असे झाले:

"नमस्कार. मी अण्णांची थोरली नात. इथे बसलेल्या पुष्कळांना मी ठाऊक नसेन. पण अण्णांबरोबर एस. टी.ची वाट पाहिलेली मंडळी इथं बरीच असतील, तेव्हा आपली ओळख तिथलीच समजा.

अण्णा वेळेच्या आधी पोचत. थोडे आधी नाही. सातची गाडी असली की सहाला आम्ही स्टँडवर. आजी म्हणायची, 'अहो, अजून गाडी धुतलीही नसेल.' अण्णा म्हणायचे, 'मग धुताना बघू.' आणि खरोखर, आम्हां नातवंडांचं अर्धं बालपण गाड्या धुताना बघण्यात गेलं. माझ्या लग्नात तर मांडववाले यायच्या आधी अण्णा कार्यालयात जाऊन बसले होते. मांडववाल्यानं विचारलं, 'आजोबा, कालच्या लग्नातले राहिलात का?'

मी कॉलेजला गेले त्या वर्षीची गोष्ट. वसतिगृहातून पहिल्यांदाच एकटी घरी निघाले होते. गाडी संध्याकाळी सातला पोचायची, ती घाटात बंद पडली. पोचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. स्टँडवर सामसूम. खिडकीतून पाहिलं, तर बाकावर छत्री आणि छत्रीशेजारी अण्णा. मी विचारलं, 'कधीपासून बसलाय?' म्हणाले, 'हा काय, आत्ताच आलो.'

दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं सांगितलं, 'ताई, आजोबा सहापासून बसले होते. चहा प्यायलाही उठले नाहीत. मीच कप नेऊन दिला.' उठायला सांगितलं तर म्हणाले होते, 'तेवढ्यात गाडी आली तर पोर कुणाला बघेल?'

आम्ही हसायचो, अण्णांना गाडी चुकायची भीती वाटते म्हणून. आपलं माणूस उतरेल आणि तिथं कुणी नसेल, ही ती भीती होती.

माझा मुलगा शाळेच्या बसमधून उतरतो तेव्हा मी दहा मिनिटं आधीच फाटकाशी उभी असते. शेजारणी विचारतात, 'एवढी काय घाई?' मी सांगते, आमच्या घरची रीत आहे.

आजी, तू जन्मभर म्हणत राहिलीस, 'अहो, एवढ्या लवकर कशाला?' या वेळीही त्यांनी ऐकलं नाही. सवयीप्रमाणे आधी निघाले. कुठल्याशा बाकावर छत्री टेकवून बसले असतील. अण्णा, आम्हांला यायला उशीर होईल. तुम्ही चहा घ्या. नमस्कार."

आता यातले तुकडे वेगळे करून पाहा. पहिल्या चार वाक्यांत नातीने आपण कोण ते सांगितले, कारण ऑफिसचे आणि गावाकडचे लोक लग्न होऊन गेलेल्या नातीला ओळखत नाहीत. त्याच दमात एक हलकी रेघ ओढली. तिथे कुणी मोठ्याने हसणार नाही, पण ओठ हलतील आणि इथे हसलेले चालते, हे लोकांना समजेल. हे महत्त्वाचे, बरं का. शोकसभेत माणसे हसू दाबून बसलेली असतात. एकदम मोठा विनोद पहिल्याच वाक्यात टाकला, तर हसावे की नाही या विचाराने ती एकमेकांकडे बघतात आणि विनोद वाया जातो. म्हणून आधी छोटी परवानगी, मग गाड्या धुण्याची गंमत आणि मग मांडववाला, असा चढता क्रम ठेवला. हसण्याचा भाग इथे, पहिल्या दीड मिनिटात, संपतो.

त्यानंतर क्षणभर थांबायचे. मनात तीनपर्यंत अंक मोजावेत. लोकांचे हसू विरते आणि तुमचा आवाजही खाली येतो. "मी कॉलेजला गेले त्या वर्षीची गोष्ट" हे वाक्य त्या शांततेत पडले पाहिजे. हसण्याच्या पाठोपाठ घाईने गंभीर गोष्ट सुरू केली तर मागच्या रांगांना तिची सुरुवातच ऐकू येत नाही. एकदा गंभीर गोष्ट लागली की मध्ये पुन्हा विनोद नको. शेवटी आलेली "तुम्ही चहा घ्या" ही ओळ विनोदाची नाही. ती हसवते थोडी आणि डोळे भरते जास्त, आणि ते जमते ते चहावाल्याची गोष्ट आधी येऊन गेली म्हणून.

गंभीर गोष्टीत नातीने कुठेही "अण्णांचे प्रेम अथांग होते" असे म्हटलेले नाही. साडेअकरा, सहापासून, छत्री, कप नेऊन दिला, एवढ्याच साध्या गोष्टी आहेत. तासांचा हिशेब ऐकणारा स्वतःच करतो. तुमच्या गोष्टीतही असे दोन-तीन नेमके तपशील शोधा आणि ते खरे आहेत ना, हे घरात विचारून घ्या. सभेत एखादी आत्या मध्येच "सात नाही गं, आठची गाडी होती" म्हणाली, तर धागा तुटतो.

थट्टेच्या मर्यादा आता. विनोद निवडताना तीन प्रश्न विचारा. पहिला, ही गंमत मी आजोबांच्या समोर सांगितली असती का, आणि ते हसले असते का? दुसरा, आजी हसेल का? तिसरा, इथे बसलेल्या दुसऱ्या कुणाची फजिती होते का? बहिरेपण, कवळी, विसरभोळेपणा, आजारपणातली चिडचिड या गोष्टी पहिल्याच प्रश्नाला अडकतात. त्या आजाराच्या आहेत, आजोबांच्या नव्हेत. "आजोबा कंजूष होते" ही थट्टा वरवर निरुपद्रवी वाटते, पण ज्या मुलाला शिक्षणासाठी पैसे मिळाले नाहीत तो काका समोर बसलेला असतो. सुना, जावई, वाटण्या, कुणी कुणाला सांभाळले, या विषयांना गमतीनेही हात लावू नये. आणि जी गंमत कळायला आधी पाच माणसांची नाती समजावून द्यावी लागतात, ती घरच्या ओसरीवर सांगा. सभेत ती चालत नाही.

एखादीचे आजोबा खरोखरच तापट असतात. सगळ्या घराने त्यांचा धाक सोसलेला असतो. त्यांना "शांत स्वभावाचे" म्हटलेत तर ऐकणारे मनात हसतील. तिथे "अण्णांचा आवाज चढला की शेजारच्यांचाही रेडिओ बंद व्हायचा" एवढे म्हणून पुढे जावे. सगळ्यांना ओळख पटते, कुणाची जखम उघडी पडत नाही. जिथे जखम फार खोल आहे तिथे विनोद करूच नये. तिथे एक खरी आठवण सांगून दोन मिनिटांत थांबणे बरे.

लिहून झाले की आजीला आधी वाचून दाखवा. सभेत पहिल्यांदाच ऐकून तिला धक्का बसू नये, हे पहिले कारण. दुसरे असे की काही वाक्ये काही घरांत चालत नाहीत. वरच्या भाषणातले "आम्हांला यायला उशीर होईल" एखाद्या आजीला गोड वाटेल, दुसरीला अशुभ वाटेल. तिचा चेहरा उतरलेला दिसला तर वाद घालू नका. ते वाक्य काढा आणि "आमच्या घरची रीत आहे" यावर भाषण संपवा. तोही शेवट चांगलाच आहे. एकाहून जास्त नातवंडे बोलणार असतील तर आदल्या दिवशी गोष्टी वाटून घ्या, नाहीतर स्टँडची गोष्ट तिघेही सांगतील.

आता गळा दाटण्याविषयी. तो कुठे दाटणार हे आधी कळते, म्हणून भाषण मोठ्याने म्हणून पाहायचे. मनात वाचून कळत नाही. बहुधा आजोबांचे स्वतःचे शब्द उच्चारताना किंवा त्यांना हाक मारताना आवाज फुटतो. वरच्या भाषणात "पोर कुणाला बघेल" इथे आणि शेवटच्या "अण्णा" या हाकेपाशी. अशा ठिकाणी कागदावर आडवी रेघ मारा. रेघेपाशी आल्यावर थांबा, घोटभर पाणी प्या आणि पुढचे वाक्य पहिल्या शब्दापासून म्हणा. अर्धे वाक्य ओढत नेऊ नका. रडू आले तर "माफ करा" म्हणायचे कारण नाही. सगळे थांबतात. दुसरी प्रत भावाजवळ किंवा बहिणीजवळ देऊन ठेवा. अगदीच बोलवेना तर मागे वळून कागदाकडे बोट दाखवायचे, आणि त्यांनी पुढचे वाचायचे. हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.

कागद जाड घ्यावा, पोस्टकार्डासारखा. पातळ कागद हातात थरथरतो आणि ध्वनिक्षेपकाजवळ त्याची फडफड ऐकू येते. अक्षर मोठे, एका बाजूलाच, दोन ओळींत भरपूर जागा, कार्डांवर आकडे. मोबाइलवर लिहून नेले तर नेमक्या वेळी पडदा विझतो, नाहीतर कुणाचा तरी फोन येतो.

शेवटी, सभा लांबली आणि काकांनी कानाशी येऊन "दोनच मिनिटांत आटप गं" सांगितले, तर काय गाळायचे ते घरीच पेन्सिलीने कंसात टाकून ठेवा. आपल्या उदाहरणात मांडववाला जाईल, शाळेच्या बसचा परिच्छेद जाईल आणि शेवटचे आजीशी बोलणे आटपते घ्यावे लागेल. गाड्या धुण्याची गंमत आणि स्टँडवरची रात्र मात्र दोन्ही राहू द्या. नुसती गंमत राहिली तर भाषण उथळ वाटते आणि नुसती रात्र राहिली तर सवय कळत नाही. तिथे एकदम घाईने बोलून सगळेच बसवायला जाऊ नका. त्यात शब्द खाल्ले जातात आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना, म्हणजे आजोबांच्याच मित्रांना, काहीही ऐकू येत नाही.

आणि ती कार्डे नंतर टाकून देऊ नका. वर्षश्राद्धाला घरची मंडळी जमतील तेव्हा आजी ती मागेल. तिच्या पेटीत ठेवायला द्या.